बाकी उणे येते तेव्हा

भागाकाराचा ताळा शाळेत एका ओळीत शिकवला जातो: भाज्य बरोबर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. १७ ला ५ ने भागले, तर भागाकार ३ आणि बाकी २. ताळा करताना ५ गुणिले ३ म्हणजे १५, त्यात २ मिळवले की १७ परत हाती येतात. सी या संगणकभाषेत याच दोन उत्तरांसाठी दोन चिन्हे आहेत. `17 / 5` लिहिले की भागाकार मिळतो आणि `17 % 5` लिहिले की बाकी. दोन्हीकडच्या संख्या पूर्णांक असतील तर उत्तरही पूर्णांकच येते. सी भाषेचे मानक शाळेतलाच ताळा थोड्या वेगळ्या वेशात मांडते:

```c
(a / b) * b + a % b == a
```

धन संख्यांपुरते पाहिले तर इथे सांगण्यासारखे काही उरत नाही. भाज्य ऋण झाला की मात्र या एका ओळीतून दोन वेगळी उत्तरे निघू शकतात आणि दोन्ही उत्तरे ताळ्याला उतरतात.

ताळा एक, उत्तरे दोन

उणे ७ ला २ ने भागायचे आहे. खरे उत्तर उणे साडेतीन. ते पूर्णांकात बसवायचे तर संख्यारेषेवर त्याचे दोन शेजारी आहेत, उणे ३ आणि उणे ४. भागाकार उणे ३ धरला, तर २ गुणिले उणे ३ म्हणजे उणे ६, आणि उणे ७ पर्यंत जाण्यासाठी बाकी उणे १ धरावी लागते. भागाकार उणे ४ धरला, तर गुणाकार उणे ८ येतो, आणि उणे ७ वर परतण्यासाठी बाकी अधिक १ लागते. दोन्ही वेळा ताळा जुळतो.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली ही, की भागाकार आणि बाकी ही स्वतंत्र उत्तरे नाहीत. भागाकार कोणत्या बाजूला सरकवायचा हे एकदा ठरले की बाकीही ठरून जाते. दुसरी ही, की नुसता ताळा पुरेसा नसतो, त्याला आणखी एक अट जोडावी लागते. गणिताच्या पुस्तकातली अट अशी की बाकी शून्य किंवा धन असावी आणि भाजकापेक्षा लहान असावी. त्या अटीने उणे ७ भागिले २ चे उत्तर उणे ४ आणि बाकी १ असे ठरते. सी भाषेने दुसरी अट घेतली आहे.

सी मध्ये भागाकाराचा अपूर्णांक सरळ टाकून दिला जातो. उणे साडेतीनमधला अर्धा गेला की उणे ३ उरतात. संख्यारेषेवर पाहिले तर उत्तर नेहमी शून्याच्या दिशेने सरकते: धन उत्तर डावीकडे, ऋण उत्तर उजवीकडे. चिन्हांच्या चारही जोड्या एकत्र लिहिल्या की नियम स्पष्ट होतो.

```c
 7 /  2 ==  3     7 %  2 ==  1
-7 /  2 == -3    -7 %  2 == -1
 7 / -2 == -3     7 % -2 ==  1
-7 / -2 ==  3    -7 % -2 == -1
```

उजवा रकाना पाहावा. भाज्य धन असेल तर बाकी धन आणि भाज्य ऋण असेल तर बाकी ऋण. भाजकाच्या चिन्हाचा बाकीवर काहीही परिणाम होत नाही. बाकी शून्य आली तर चिन्हाचा प्रश्नच उरत नाही. म्हणूनच `%` या चिन्हाला मोड्युलो म्हणण्याची रूढी असली, तरी गणितात मोड्युलो म्हणून जी क्रिया ओळखली जाते ती ही नव्हे. ७ च्या मोड्युलोत उत्तर ० ते ६ याच सात संख्यांत यायला हवे. सी चे `% 7` मात्र उणे ६ ते अधिक ६ अशा तेरा संख्यांपैकी कोणतीही देऊ शकते.

दहा वर्षे मोकळा ठेवलेला प्रश्न

हा नियम सी च्या जन्मापासूनचा नाही. ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांच्या सी वरील पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये आली. ऋण संख्यांच्या भागाकारात उत्तर कोणत्या दिशेला सरकेल आणि बाकीचे चिन्ह काय असेल, हे यंत्रावर अवलंबून आहे, असे त्या पुस्तकात नोंदवले आहे. १९८९ च्या अमेरिकी मानकानेही हा प्रश्न मोकळाच ठेवला. ताळा जुळला पाहिजे एवढे बंधन घातले आणि शून्याकडे जायचे की खाली, हे कंपायलर लिहिणाऱ्यांवर सोडले. त्यांनी आपली निवड कागदपत्रात नोंदवायची होती.

यामागचा हेतू वेगाचा होता. ज्या यंत्राची भागाकाराची आज्ञा ज्या दिशेने उत्तर देते, तेच उत्तर कंपायलरने जसेच्या तसे पुढे द्यावे आणि दुरुस्तीच्या जादा आज्ञा घालाव्या लागू नयेत. त्याची किंमत अशी की एकच प्रोग्रॅम दोन यंत्रांवर दोन उत्तरे देऊ शकत होता आणि दोन्ही उत्तरे मानकानुसार योग्य ठरत होती. ज्यांना ठरावीक दिशा हवी होती त्यांच्यासाठी `div` आणि `ldiv` ही फंक्शने तेव्हाही होती. त्यांचा भागाकार शून्याच्या दिशेनेच जाई, आणि भागाकार व बाकी दोन्ही एकाच वेळी हाती येत.

१९९९ च्या मानकाने ही मोकळीक संपवली. शून्याच्या दिशेने अपूर्णांक टाकायचा, हा नियम सर्व कंपायलरांसाठी बंधनकारक झाला. त्यामागे फोर्ट्रानचे उदाहरण होते. फोर्ट्रानमध्ये पूर्णांक भागाकार पूर्वीपासून याच पद्धतीने होत असे आणि मोठमोठी आकडेमोड करणाऱ्या लोकांना त्यामुळे वेगाची अडचण जाणवत नव्हती. तेव्हा सी लाही ती जाणवण्याचे कारण नव्हते. इंटेलच्या प्रोसेसरांची चिन्हासहित भागाकाराची आज्ञाही शून्याच्या दिशेनेच उत्तर देते, त्यामुळे तिथे दुरुस्तीची गरजच पडत नाही. सी++ ने हाच नियम २०११ च्या मानकात स्वीकारला. आज उणे ७ भागिले २ चे सी मधले उत्तर उणे ३ च आहे, त्यात दुमत नाही. मात्र हे उत्तर प्रत्येक कामाला योग्य असतेच असे नाही.

वार काढणारा प्रोग्रॅम

दिनदर्शिकेचे गणित ही त्याची चांगली कसोटी आहे. युनिक्स परंपरेतले संगणक काळ मोजताना १ जानेवारी १९७० हा शून्य क्रमांकाचा दिवस धरतात. त्यानंतरचे दिवस १, २, ३ असे आणि आधीचे उणे १, उणे २ असे. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता. रविवारला ० आणि शनिवारला ६ असे क्रमांक दिले, तर गुरुवारचा क्रमांक ४ येतो. मग कोणत्याही दिवसाचा वार काढण्यासाठी दिवसाच्या क्रमांकात ४ मिळवायचे आणि ७ ने भागून बाकी घ्यायची, एवढेच काम उरते.

```c
int vaar(long divas)
{
    return (4 + divas) % 7;
}
```

१ जानेवारी २००० या दिवसाचा क्रमांक १०९५७ आहे. त्यात ४ मिळवून १०९६१, त्याला ७ ने भागल्यावर बाकी ६, म्हणजे शनिवार. उत्तर बरोबर आहे. १९७० नंतरच्या कोणत्याही तारखेला हे फंक्शन चुकणार नाही.

आता १९७० च्या आधी जाऊ. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० ला झाली. या दिवसाचा क्रमांक उणे ३५३२. त्यात ४ मिळवले की उणे ३५२८. ही संख्या ७ च्या पटीत आहे, कारण ७ गुणिले ५०४ म्हणजे ३५२८. बाकी शून्य, म्हणजे रविवार. त्या दिवशी रविवारच होता. ऋण तारखेवरही फंक्शन बरोबर चालते, असे इथे वाटू शकते.

गोवा मुक्त झाला तो दिवस १९ डिसेंबर १९६१, क्रमांक उणे २९३५. ४ मिळवून उणे २९३१. ७ गुणिले ४१८ म्हणजे २९२६, तेव्हा सी च्या नियमाने बाकी उणे ५. भारताच्या स्वातंत्र्याचा दिवस १५ ऑगस्ट १९४७, क्रमांक उणे ८१७५. ४ मिळवून उणे ८१७१ आणि बाकी उणे २. उणे पाचवा आणि उणे दुसरा असे वार नसतात. महाराष्ट्र दिनाचे उत्तर बरोबर आले ते केवळ बाकी शून्य होती म्हणून. १९७० पूर्वीच्या बहुतेक तारखांना सातांतला एकच दिवस असा सुटतो, आणि चाचणीसाठी नेमकी तीच तारीख निवडली गेली तर चूक वर्षानुवर्षे दिसणार नाही.

उत्तर उणे आल्यावर पुढे काय होते, हे प्रोग्रॅमच्या पुढच्या ओळीवर अवलंबून असते. वारांची सात नावे एका अ‍ॅरेत ठेवली असतील आणि ही बाकी तिचा क्रमांक म्हणून वापरली असेल, तर संगणक अ‍ॅरेच्या सुरुवातीच्याही आधीची जागा वाचायला जातो. तिथे काय असेल याची सी चे मानक कोणतीही हमी देत नाही. कधी प्रोग्रॅम कोसळतो, कधी असंबद्ध अक्षरे छापली जातात, कधी शेजारच्या दुसऱ्याच यादीतले नाव वाराच्या जागी येते. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरांना `-fsanitize=undefined` हा पर्याय देऊन प्रोग्रॅम तयार केला, तर तो चालताना अ‍ॅरेबाहेरचा क्रमांक पकडला जातो आणि ओळ क्रमांकासह इशारा छापला जातो.

दुरुस्ती सोपी आहे. बाकी उणे आली तर तिच्यात एक पूर्ण फेरा मिळवायचा.

```c
int vaar(long divas)
{
    int r = (4 + divas) % 7;
    if (r < 0)
        r += 7;
    return r;
}
```

उणे ५ मध्ये ७ मिळवले की २, म्हणजे मंगळवार. उणे २ मध्ये ७ मिळवले की ५, म्हणजे शुक्रवार. गोवामुक्तीचा दिवस मंगळवार होता आणि स्वातंत्र्याचा दिवस शुक्रवार. बाकी शून्य असताना मिळवण्याची वेळच येत नाही, त्यामुळे महाराष्ट्र दिनाचा रविवारही जागेवर राहतो.

हीच दुरुस्ती `((a % m) + m) % m` अशी एका ओळीत लिहिण्याची पद्धतही आहे. लहान भाजकांना ती चालते. मात्र `m` ही संख्या `int` मध्ये मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येच्या निम्म्याहून जास्त असेल, तर मधली बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. बाकी उणे असेल तरच मिळवणाऱ्या पद्धतीत हा धोका नाही.

अठ्ठेचाळीस तासांचा दिवस

बाकी उणे आली तर निदान ती डोळ्यांना खटकते. त्याच वेळी भागाकारही एकाने चुकलेला असतो आणि तो मात्र सहज नजरेतून निसटतो. संगणकाचे घड्याळ प्रत्यक्षात दिवस मोजत नाही, १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजते. ही मध्यरात्र ग्रिनिचची. एका दिवसात ८६४०० सेकंद असतात. तेव्हा सेकंदांना ८६४०० ने भागले की भागाकार हा दिवसाचा क्रमांक आणि बाकी ही त्या दिवसातली वेळ.

३१ डिसेंबर १९६९ रोजी ग्रिनिचला रात्रीचे अकरा वाजले आहेत असे धरू. मध्यरात्रीला एक तास उरला आहे, म्हणजे घड्याळात उणे ३६०० सेकंद आहेत. सी मध्ये `-3600 / 86400` याचे उत्तर ० येते. पण शून्य क्रमांकाचा दिवस तर १ जानेवारी! म्हणजे आदल्या रात्रीची घटना दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जमा झाली.

उणे ८६३९९ पासून अधिक ८६३९९ पर्यंतच्या सगळ्या सेकंदांचा भागाकार शून्यच येतो. बाकी प्रत्येक दिवसाच्या वाट्याला २४ तास आले आणि एकट्या शून्य दिवसाच्या वाट्याला जवळजवळ ४८. शून्याच्या डावीकडून आणि उजवीकडून दोन्ही बाजूंनी उत्तर शून्याकडेच ओढले गेल्याचा हा परिणाम आहे. नकाशाचे किंवा खेळाच्या पटाचे समान चौकोन पाडताना हाच दोष वेगळ्या रूपात दिसतो: मूळ बिंदूजवळचा चौकोन इतरांच्या दुप्पट रुंद होतो.

महाराष्ट्राच्या स्थापनेचा क्षण घेऊ. १ मे १९६० ची मध्यरात्र भारतात झाली तेव्हा ग्रिनिचला ३० एप्रिलच्या संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. घड्याळाच्या भाषेत तो क्षण उणे ३०५१८४६०० सेकंद. सी ने भागले तर भागाकार उणे ३५३२ आणि बाकी उणे १९८०० येते. उणे ३५३२ हा १ मेचा क्रमांक आणि उणे १९८०० सेकंद म्हणजे उणे साडेपाच तास. म्हणजे "१ मे, उणे साडेपाच वाजता" असे उत्तर झाले. ताळा अगदी बरोबर आहे, पण अशी वेळ कोणत्याही घड्याळात नसते.

इथे नुसती बाकी दुरुस्त केली तर आणखी घोळ होतो. उणे १९८०० मध्ये ८६४०० मिळवले की ६६६००, म्हणजे संध्याकाळचे साडेसहा. पण तारीख १ मेच राहिली तर उत्तर तब्बल एक दिवस पुढे गेले. ताळा एकच असल्यामुळे बाकीत एक भाजक मिळवला की भागाकारातून एक वजा करावाच लागतो.

```c
long divas = t / 86400;
long sec = t % 86400;
if (sec < 0) {
    sec += 86400;
    divas -= 1;
}
```

आता दिवस उणे ३५३३, म्हणजे ३० एप्रिल, आणि वेळ साडेसहा. दोन्ही बरोबर.

शून्याकडची दिशा कुठे योग्य ठरते

यावरून सी चा नियमच सदोष आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. हिशेबाचे उदाहरण घेऊ. एखाद्याच्या खात्यावर ७५० पैसे देणे आहे आणि प्रोग्रॅममध्ये ते उणे ७५० असे नोंदवले आहे. रुपये काढण्यासाठी १०० ने भागले तर सी उणे ७ रुपये आणि उणे ५० पैसे असे उत्तर देते. देणे सात रुपये पन्नास पैसे आहे, हेच माणूसही म्हणतो. दिनदर्शिकेची पद्धत इथे लावली असती तर उणे ८ रुपये आणि अधिक ५० पैसे असे उत्तर आले असते. ताळ्याला तेही खरे, पण असा हिशेब कोणी मांडत नाही.

शून्याच्या दिशेने जाणाऱ्या भागाकारात एक समतोल आहे: भाज्याचे चिन्ह बदलले की उत्तराचे फक्त चिन्ह बदलते, आकडा तोच राहतो. येणे ७५० असो की देणे ७५०, रुपये सात आणि पैसे पन्नासच. जी संख्या परिमाण सांगते, किती आणि कोणत्या बाजूला, तिला हा भागाकार शोभतो. जी संख्या रेषेवरचे किंवा चक्रावरचे स्थान सांगते, उदाहरणार्थ वार, महिना, तास, पटावरचे घर, तिला नेहमी खालच्या बाजूला सरकणारा भागाकार लागतो. तिथे शून्य हे केवळ मोजणी सुरू करण्याचे ठिकाण असते, त्याला दुसरा अर्थ नसतो.

वेगवेगळ्या भाषांनी यातून वेगवेगळी निवड केली आहे. जावा आणि गो या भाषा सी प्रमाणे शून्याकडे जातात. पायथनमध्ये `-7 // 2` चे उत्तर उणे ४ आणि `-7 % 2` चे उत्तर १ येते. फोर्ट्रान आणि एडा या भाषांनी दोन्ही बाक्यांना दोन वेगळी नावे दिली आहेत. त्यामुळे पायथनमधला वार काढण्याचा चालता प्रोग्रॅम ओळीला ओळ ठेवून सी मध्ये उतरवला, तर तो १९७० च्या अलीकडे बरोबर आणि पलीकडे चूक उत्तर देऊ लागतो.

नेहमी आढळणाऱ्या तीन चुका

संख्या विषम आहे का हे तपासण्यासाठी `x % 2 == 1` असे लिहिण्याची सवय अनेकांना असते. उणे ७ ही विषम संख्या आहे, पण तिची बाकी उणे १ येते, म्हणून ही तपासणी तिला सम ठरवते. `x % 2 != 0` असे लिहिले की दोन्ही बाजूंच्या संख्यांना उत्तर बरोबर येते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण तिच्यात बाकी उणे दिसतच नाही. सी मध्ये चिन्ह न बाळगणाऱ्या, म्हणजे अनसाइन्ड पूर्णांकांचा वेगळा प्रकार आहे. एका बाजूला `int` आणि दुसऱ्या बाजूला `unsigned int` असेल, तर भागण्याआधी चिन्ह असलेली संख्याही अनसाइन्ड केली जाते. ३२ बिटांच्या `int` मध्ये उणे ८१७१ चे असे रूपांतर झाले की ती ४२९४९५९१२५ होते. तिला ७ ने भागल्यावर बाकी २ उरते, म्हणजे मंगळवार. १५ ऑगस्ट १९४७ चा वार मंगळवार असे छापले जाते, प्रोग्रॅम कोसळत नाही आणि तक्रारीला जागाही राहत नाही.

असा भाजक बहुधा नकळत येतो. वारांची संख्या ७ अशी थेट न लिहिता `sizeof` वापरून अ‍ॅरेची लांबी काढली, तर ती लांबी अनसाइन्ड प्रकारचीच असते. तो प्रकार ६४ बिटांचा असेल तर हेच गणित बाकी ० देते आणि तोच दिवस रविवार ठरतो. खरा वार शुक्रवार. ७ हा २ चा घात नसल्यामुळे रूपांतरात मिळवली गेलेली मोठी संख्या ७ च्या पटीत नसते, म्हणून बाकी बिघडते. भाजक ८ किंवा १६ असता तर उत्तर योगायोगाने बरोबर आले असते. लांबी आधी `int` प्रकारच्या चलात घेऊन मग भागले की हा प्रश्न सुटतो. `-Wsign-conversion` हा पर्याय लावला तर कंपायलर अशा रूपांतराची सूचना देतो.

तिसरी चूक २ ने भागण्याऐवजी बिट उजवीकडे सरकवण्याची. धन संख्यांना `x / 2` आणि `x >> 1` यांचे उत्तर एकच येते. ऋण संख्या उजवीकडे सरकवल्यावर काय व्हावे हे सी ने कंपायलरवर सोडले आहे, आणि प्रचलित कंपायलरांत `-7 >> 1` चे उत्तर उणे ४ येते. भागाकार देतो उणे ३. वेग वाढवण्यासाठी एकाच्या जागी दुसरे लिहिले तर ऋण संख्यांची उत्तरे बदलतात. २ ने भागायचे असेल तर भागाकारच लिहावा. यंत्राला सरकवणे सोयीचे असेल तर कंपायलर स्वतःच तसे करतो आणि संख्या ऋण असल्यास आधी १ मिळवून उत्तर शून्याकडे वळवतो.

ज्या भागाकाराला उत्तर नाही

शून्याने भागण्याला सी मध्ये अर्थ नाही, हे अपेक्षितच आहे. पण भाजक शून्य नसतानाही उत्तर नसलेली एक जोडी आहे. ३२ बिटांच्या `int` मध्ये सर्वांत लहान संख्या उणे २१४७४८३६४८ आहे आणि सर्वांत मोठी २१४७४८३६४७. ऋण बाजूला एक संख्या जास्त आहे. त्या सर्वांत लहान संख्येला उणे १ ने भागले तर उत्तर २१४७४८३६४८ यायला हवे, पण ते `int` मध्ये मावत नाही. अशा वेळी काय व्हावे याबद्दल मानक काहीच सांगत नाही.

इंटेल प्रोसेसरवर भागाकाराची आज्ञा अशा वेळी अपवाद उभा करते आणि लिनक्समध्ये प्रोग्रॅम `SIGFPE` या संकेताने बंद पडतो. आर्म प्रोसेसरची आज्ञा न थांबता तीच ऋण संख्या उत्तर म्हणून परत देते. बाकीचीही तीच गत आहे. गणिताने बाकी उघडच शून्य आहे, तरी `INT_MIN % -1` लाही सी अर्थ देत नाही. २०११ च्या मानकात हे स्पष्ट लिहिले गेले: भागाकार मावत नसेल तर बाकीलाही अर्थ नाही. भाजक बाहेरून, वापरणाऱ्याच्या हातून येत असेल तर तो शून्य आहे का आणि उणे १ आहे का, हे दोन्ही भागण्याआधी पाहावे लागते.

चाचणीसाठी मोठ्या संख्यांची गरज नसते. ७ च्या चक्रासाठी उणे १, उणे ७ आणि उणे ८ या तीन संख्या पुरतात. स्थान सांगणाऱ्या फंक्शनने त्यांना अनुक्रमे ६, ० आणि ६ अशी उत्तरे द्यायला हवीत. फंक्शनमध्ये नुसते `%` असेल तर उणे १, ० आणि उणे १ अशी उत्तरे येतात आणि चूक तिथेच उघडी पडते. ७ च्या जागी ३२ बिटांचा अनसाइन्ड भाजक शिरला असेल तर ३, ४ आणि ३ अशी उत्तरे येतात. आणि उणे ७ ला ४ किंवा दुसरे काहीही आले, पण ० आले नाही, तर बाकीचे चिन्ह नव्हे, चलाचा प्रकार तपासायला घ्यावा.